आमची वाटचाल: छत्तीस मिनिटांचं काम, सहा दिवसांचा कागद

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये लीन, म्हणजे कामातली नासाडी शोधून काढून टाकण्याची पद्धत, आधी मशीनवर आलं, ऑफिसात फार उशिरा. शॉपवर अडलेला माल पायात येतो. फाइलमध्ये अडलेला कागद कुणाच्याच पायात येत नाही. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी सात प्रकारची नासाडी मांडली तीही कारखान्यासाठी. मंजुरीच्या कागदावर ती शोधायला आम्ही टर्निंग इन्सर्टचा, म्हणजे लेथवर धातू कापणाऱ्या बदलत्या टोकाचा, इंडेंट म्हणजे मागणीचा कागद घेतला.

इंडेंटला एक पट्टी स्टेपल केली. प्रत्येक टेबलावर तीन वेळा नोंदवायच्या: कागद आला, हातात घेतला, पुढे गेला. मधली नोंद महत्त्वाची. ती नसली तर काम आणि पडून राहणं एकाच आकड्यात जातं.

स्टोअर 5 मिनिटं, सुपरवायझर 3, परचेस 20, अकाउंट्स 6 आणि मालकाची सही 2. एकूण काम 36 मिनिटांचं. कागदाला लागले आठ तासांचे सहा दिवस, म्हणजे 2,880 मिनिटं. काम जेमतेम सव्वा टक्का!

वाट पाहणं लगेच दिसतं, पण ते बहुतेक वेळा दुसऱ्याच नासाडीचं फळ असतं. सह्या फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी व्हायच्या, म्हणून कागदांचा साठा. इंडेंटवर नुसतं `CNMG 120408` लिहिलेलं असायचं. त्यातून आकार, माप आणि टोकाची त्रिज्या कळते. इन्सर्ट स्टीलसाठी की बिडासाठी, ती ग्रेड कळत नाही. म्हणून कागद परत, हा दोष. वर्षाचा दर ठरलेला असताना परचेस पुन्हा तीन कोटेशनं मागवायचं, ही जादा प्रक्रिया. वीसातली बहुतेक मिनिटं तिथेच जायची. फाइलचे जिन्यावरचे हेलपाटे ही वाहतूक, तर कपाटात जुनी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, शोधणं ही हालचाल.

सातवी, अतिउत्पादन, सगळ्यात फसवी. मंजुरीला आठवडा लागतो हे स्टोअरला पाठ झालेलं, म्हणून दहा इन्सर्ट हवे असले तरी वीस मागायचे, तेही आधीच. कपाटात माल साचला की दोष स्टोअरकीपरला. मूळ मात्र सहीच्या टेबलावर.

फॉर्ममध्ये ग्रेड आणि चिपब्रेकर, म्हणजे धातूचा कीस तोडणारी इन्सर्टवरची खाच, यांचे स्वतंत्र रकाने केले. ते रिकामे असतील तर स्टोअरनेच कागद पुढे सोडायचा नाही. दर ठरलेल्या मालाला दहा हजारांपर्यंत सुपरवायझरची सही पुरते. बिल देताना पीओ, आवक नोंद आणि बिल जुळवणं मात्र तसंच ठेवलं. ती नासाडी नव्हे, तिथेच चूक सापडते.

मर्यादा घातल्यावर एक खोड निघाली: पंधरा हजारांची खरेदी दोन इंडेंटमध्ये तोडायची. एकाच मालाचे, एकाच आठवड्यातले इंडेंट शेजारी ठेवले की ती लगेच दिसते.