शेततळ्यांवरचा पीएचडी आराखडा नव्याने लावताना

माझा विषय मराठवाड्यातली प्लास्टिक अंथरलेली शेततळी. त्यांतली बरीच पावसाने नाही, तर विहिरीच्या उपशाने भरली जातात. मसुद्यात मजकूर भरपूर होता, पण विस्कळीत. म्हणून नवं काही लिहिण्याआधी प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक खूण केली: पार्श्वभूमी, आधीच्या संशोधनातली उणीव, प्रश्न, पद्धत, वेळापत्रक की फलित. ज्या परिच्छेदाला दोन खुणा लागल्या, तो तिथेच तोडला.

खुणा मोजल्यावर दुखणं लगेच दिसतं. निम्म्याहून अधिक मजकूर पार्श्वभूमीचा निघतो आणि उणीव पद्धतीच्या भागात कुठेतरी दडलेली सापडते. माझ्या मसुद्यात ती विहिरींच्या निवडीत होती: ‘शेततळं नसलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीची पातळीही घेऊ.’ खरा प्रश्न हाच होता. ‘या तालुक्यात असा अभ्यास झालेला नाही’ ही उणीव नव्हे. तालुका बदलल्याने उत्तर का बदलेल, हे सांगता आलं पाहिजे. उणीव वर आणल्यावर पार्श्वभूमी आपोआप आटली. २०१६ची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणि बेसॉल्टमधलं मर्यादित भूजल एवढं ठेवलं, दुष्काळाचा सगळा इतिहास काढला.

प्रश्न दोनच उरले. तळ्यात साठवलेलं किती पाणी बाष्पीभवनाने जातं? आणि तळं भरण्यासाठीच्या उपशाने शेजारची विहीर लवकर आटते का?

पद्धतीचा प्रत्येक परिच्छेद यांपैकी एका प्रश्नाखाली बसलाच पाहिजे. पहिल्यासाठी तळ्यात मोजपट्टी उभी करून रोज सकाळी पातळी घ्यायची. ज्या दिवशी ना भरणं ना उपसा ना पाऊस, त्या दिवसाची घट म्हणजे बाष्पीभवन, अर्थात प्लास्टिक फाटलेलं नसेल तर. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे पातळीवरून घनफळ काढायला तळ्याची मापं आधी हवीत. दुसऱ्यासाठी जवळ असणं पुरेसं नाही, दोन्ही विहिरी खडकाच्या एकाच पाणीधारक थरात हव्यात. गावातलं घरोघर सर्वेक्षण मला फार आवडलं होतं, पण ते कुठल्याच प्रश्नाखाली बसेना, म्हणून वगळलं.

वेळापत्रक मात्र महिने सारखे वाटून होत नाही, ते पाण्यावर बांधावं लागतं. ऑक्टोबरची पातळी हा पाया, मे हा तळ. जानेवारीत नोंदणी झाली तर जूनपर्यंत कोर्सवर्क, सप्टेंबरपर्यंत विहिरींची निवड आणि शेतकऱ्यांची परवानगी, मग ऑक्टोबर ते मे असे दोन हंगाम. दुसरा हंगाम तिसऱ्या वर्षाच्या मेमध्ये संपतो, म्हणजे यूजीसीच्या किमान तीन वर्षांतले सात महिने लेखनाला उरतात. परवानगी ऑक्टोबरपलीकडे लांबली की अख्खं वर्ष पुढे जातं. संशोधन समितीपुढे ही अडचण आपणच मांडावी.

फलितात ‘शेततळ्यांमुळे भूजल घटल्याचे सिद्ध होईल’ असं वाक्य होतं. उत्तर आधीच ठरलं असेल तर मोजणी कशाला? त्याऐवजी हाती काय येईल ते लिहिलं: तळ्यांच्या बाष्पीभवनाची महिनावार नोंद आणि विहिरींच्या जोड्यांची दोन हंगामांची तुलना. फरक आढळला नाही, तरी या दोन्ही गोष्टी हातात राहतात.