तुम्ही विचारलंत म्हणून: तिकिटाचं काय झालं, हे कसं विचारायचं

«सॉफ्टवेअरच्या सपोर्टला तक्रारीचं तिकीट टाकून इतके दिवस झाले, रोज मेल करतो, तरी कोणी धड उत्तर देत नाही. तुम्ही सपोर्टमध्येच आहात ना? मग सांगा, नक्की लिहायचं तरी काय?»

आधी राग येईल असं सांगतो. 'काही अपडेट?' एवढ्याच मेलने तिकीट सहसा पुढे सरकत नाही. काही ठिकाणी उलट मागे जातं. ज्या टीमची यादी शेवटच्या हालचालीनुसार लावलेली असते, तिथे सगळ्यात जुनी हालचाल वर दिसते. तुम्ही सकाळी दोन शब्द पाठवलेत की तिकिटावर 'आज हालचाल झाली', आणि ते तळाशी गेलं. सगळीकडे असं नसतं. काही टीम ग्राहकाच्या उत्तर न मिळालेल्या सगळ्यात जुन्या मेलपासून वेळ मोजतात, तिथे तुमचं नुकसान होत नाही. पण आमची यादी कशी लावली आहे हे तुम्हाला बाहेरून कळायला मार्ग नाही.

खरा घोळ मात्र यादीचा नसतोच. समजा, एका कंपनीत पगाराच्या सॉफ्टवेअरमधून बँकेची फाइल निघत नाही. हिशेब बघणाऱ्या बाई १२ तारखेला तिकीट टाकतात, नंबर मिळतो [#48213]. १४ला सपोर्टवाला विचारतो, 'एररच्या पानावरचा रिक्वेस्ट आयडी आणि वेळ द्या', आणि तिकीट पेंडिंगला टाकतो. पेंडिंग म्हणजे चेंडू ग्राहकाच्या कोर्टात, आणि बहुतेक ठिकाणी तेवढा काळ आमचं घड्याळ थांबतं. १५ला बाई उत्तर देतात, तेही वेळेवर. पण जुना मेल सापडत नाही म्हणून नवा मेल लिहितात आणि स्क्रीनशॉट जोडतात. सिस्टीम मेल ओळखते ती विषयातल्या नंबरवरून किंवा 'रिप्लाय' केल्यावर आत लपून जाणाऱ्या खुणेवरून. नव्या मेलमध्ये दोन्ही नाहीत, म्हणून दुसरं तिकीट तयार होतं [#48377], आणि ते जातं दुसऱ्याच माणसाकडे. त्याला इतिहास दिसत नाही. तो विचारतो, कोणता ब्राउझर? कॅश साफ केली का? बाई चिडतात आणि पुढचे तीन दिवस त्याच दुसऱ्या तिकिटावर 'काही अपडेट?' पाठवतात. तिकडे पहिलं तिकीट उत्तराची वाट बघत पडलेलं. त्या टीमने सात दिवसांची मुदत लावलेली असते, म्हणून २१ला ते आपोआप 'सोडवलं' होतं. बाईंना मेल येतो: तुमची अडचण सुटली आहे.

इथे लबाडी कोणीच केलेली नाही, आणि तरी नऊ दिवस गेले. आता २२ला काय लिहायचं? नवा मेल नाही. त्या 'सोडवलं'च्या मेललाच रिप्लाय, विषयातला नंबर जसाच्या तसा ठेवून:

> विषय: Re: [#48213] पगाराची बँक फाइल निघत नाही, २८ तारखेपर्यंत हवी
>
> नमस्कार. हे तिकीट २१ला आपोआप 'सोडवलं' झालं, अडचण तशीच आहे. कृपया पुन्हा उघडा. [#48377] याच अडचणीचं आहे, ते यात जोडून घ्या.
>
> १२ला २१४ जणांची फाइल काढताना 504 Gateway Timeout आला. १४ला तुम्ही मागितलेला रिक्वेस्ट आयडी: 7f3a-91c2, वेळ १५ तारीख, सकाळी ११:०५. ब्राउझर बदलला, कॅश साफ केली, फरक नाही. विभागवार फाइल काढून पाहिली: उत्पादन (८८ जण), विक्री आणि कार्यालय यांची निघते. गोदामाची (६२ जण) निघत नाही.
>
> बँकेला फाइल २९ला दुपारी २ पर्यंत लागते. तिथे दोघांची मंजुरी लागते म्हणून आमच्या हातात ती २८च्या संध्याकाळी हवी. नाहीतर ६२ जणांचे पगार अडतील.
>
> तिकीट सध्या कोणत्या टीमकडे आहे? आमच्याकडून काही द्यायचं राहिलं आहे का? पुढचं उत्तर कोणत्या तारखेला येईल? २६पर्यंत दुरुस्ती शक्य नसेल, तर या ६२ जणांची फाइल तुमच्या बाजूने काढून देता येईल का?

यातली सगळ्यात मोलाची ओळ घाईची नाही, विभागांची आहे. ५०४ एवढंच सांगतो की मागच्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. का, ते सांगत नाही. पहिला अंदाज नेहमी 'फाइल मोठी असेल' हाच असतो. ८८ जणांची निघते आणि ६२ची अडते म्हटल्यावर तो अंदाज बराच कमजोर होतो. शोध गोदामातल्या एखाद्या नोंदीकडे वळतो. आयडीसुद्धा मजकुरातच हवा, चित्रातला आयडी शोधात सापडत नाही. आणि सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, कायम राहत नाहीत, ठरावीक दिवसांनी पुसले जातात, म्हणून ताजी वेळ जास्त कामाची.

घाईचं म्हणाल तर 'अर्जंट' हा शब्द आम्ही वाचतच नाही, असं म्हटलं तरी चालेल. प्राधान्य ठरतं दोन गोष्टींवर: किती जणांचं काय अडलं आहे आणि किती वेळ उरला आहे. पर्यायी वाट असेल तर प्राधान्य उतरतं, म्हणून लोक ती लपवतात. लपवू नका. तीन विभागांची फाइल निघते हे बाईंनी लपवलं असतं, तर गोदामाचा धागाच मिळाला नसता.

आता आमच्या बाजूचं. 'काम चालू आहे, कळवतो' हे वाक्य आम्ही कधीकधी तिकीट न उघडताही लिहितो. म्हणून वरचे प्रश्न मुद्दाम असे आहेत की त्या वाक्याने त्यांचं उत्तर होत नाही. 'कधी सुटेल?' विचारलंत तर कारण सापडेपर्यंत कोणाकडेच खरं उत्तर नसतं. 'पुढचं उत्तर कधी?' याचं मात्र देता येतं. आणि हो, आरडाओरडा करणाऱ्यांना उत्तर लवकर मिळतं, हेही खरं. दुरुस्ती लवकर होते का? माझ्या पाहण्यात तरी क्वचित. पण ज्याला फक्त उत्तर हवं होतं त्याचं काम झालंच, हे नाकारून कसं चालेल?

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो, उत्तरासाठी दिलेली वेळ संपेपर्यंत विचारूच नका. आता तसं ठाम म्हणवत नाही. पेंडिंगमध्ये अडकलेल्या तिकिटाला वाट बघून काहीच मिळत नाही, आणि पोर्टल नसेल तर ते पेंडिंग आहे हे तुम्हाला दिसणार कुठून? पोर्टल असेल तर मेल करण्याआधी तिथली स्थिती बघा. नसेल तर 'आमच्याकडून काही राहिलं आहे का' एवढं विचारायला वेळ संपायची वाट कशाला बघायची?

कळवलेली तारीखही उलटली तर त्याच तिकिटात एस्कलेशन मागा, म्हणजे तिकीट वरच्या माणसाकडे न्यायला सांगा, वेगळा मेल करून नाही. साहेबांना सीसीत घालण्याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत. मला विचाराल तर ते साहेब तिकिटाबाहेर उत्तर द्यायला लागले की इतिहास पुन्हा फाटतो. तिकीट नुसतं 'सोडवलं' न राहता कायमचं बंद झालं असेल, तर ते सहसा पुन्हा उघडत नाही. मग नवं टाकावंच लागतं, आणि त्याच्या पहिल्या ओळीत जुना नंबर हवा.