सहा व्होल्टवर अडलेला काटा

प्रयोग नेहमीचाच होता. ९ व्होल्टचा सप्लाय, १०० किलोओहमचा रोधक, १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आणि एक स्विच. स्विच दाबला की स्टॉपवॉच सुरू करायचं, ठरलेल्या सेकंदांना कपॅसिटरवरचं व्होल्टेज लिहायचं, आलेख काढायचा. रोधक आणि कपॅसिटर यांचा गुणाकार, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, बरोबर १० सेकंद येतो, म्हणून मी मुद्दाम हेच आकडे देतो. घड्याळाकडे बघून काम करता येतं.

त्या दिवशी डिजिटल मीटर कमी पडले. लॅबच्या मामांनी कपाटातून जुना काट्याचा मल्टिमीटर काढून शेवटच्या टेबलावर ठेवला आणि तिथल्या मुलांनी तो १० व्होल्टच्या रेंजवर लावला.

अर्ध्या तासाने त्या टेबलावर गडबड सुरू झाली. दहाव्या सेकंदाला हिशेबाने ५.६९ व्होल्ट यायला हवेत, म्हणजे ९ चे ६३ टक्के. यांचा काटा ४.६ आणि ४.७ च्या मध्ये. आणखी मिनिटभर थांबले, तरी काटा ६ वर जाऊन बसला तो हलेना. त्यांनी कपॅसिटर बदलला. पुन्हा ६. तिसरा लावला, तरी तेच. "सर, सगळा लॉटच खराब आलाय," एकाने निकाल देऊन टाकला.

मी त्यांची वही मागून घेतली. आकडे पाहताच मला बरं वाटलं, कारण मुलांनी प्रामाणिकपणे जे दिसलं तेच लिहिलं होतं. दुसऱ्या सेकंदाला अपेक्षित १.६३, यांचं १.५५. पाचव्या सेकंदाला अपेक्षित ३.५४, यांचं ३.२ च्या आत. म्हणजे सुरुवातीला जवळजवळ बरोबर आणि पुढे पुढे जास्त मागे. सप्लाय कमी असता किंवा कपॅसिटर मोठा असता, तर पहिल्या सेकंदापासूनच वक्र खाली राहिला असता. इथे तो बरोबर निघून मग वाकत होता. व्होल्टेज वाढेल तसतसा कुणीतरी जास्त करंट ओढत होतं.

संशयित दोनच. एकतर कपॅसिटर आतून गळतोय किंवा मीटर करंट खातोय. दोघांचा परिणाम हुबेहूब सारखा दिसतो, म्हणून नुसत्या आकड्यांवरून कुणाला दोष देता येत नाही. मी म्हणालो, "मीटरच्या पिना काढून घ्या. सर्किट तसंच चालू ठेवा. एक मिनिट कुणी हात लावायचा नाही."

मिनिट झालं. एका मुलीला सांगितलं, आता पिना लाव आणि सगळ्यांनी काट्याकडे बघा. तिने पिना टेकवल्या. काटा सरसर वर गेला, ८ च्या पुढे पोचला, क्षणभर रेंगाळला आणि मग सावकाश घसरत घसरत ६ वर येऊन थांबला.

कपॅसिटर गळका असता तर मीटर नसतानाही तो ६ वरच अडकला असता, काट्याला ८ दिसलेच नसते. म्हणजे मीटर लांब असताना कपॅसिटर पूर्ण भरला होता आणि मीटर लावल्यावर उतरला. त्या मुलीनेच विचारलं, "म्हणजे सर, आपण मोजतोय म्हणून कमी होतंय?"

होय, नेमकं तेच. मीटरच्या तबकडीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: दर व्होल्टला २० किलोओहम. १० व्होल्टच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध झाला २०० किलोओहम. तो कपॅसिटरच्या दोन टोकांना समांतर बसला. टाकी भरताना तळाचा नळ उघडा राहावा तसं झालं: पाणी एका उंचीपर्यंत चढतं आणि येणारं-जाणारं सारखं झालं की तिथेच थांबतं. १०० आणि २०० किलोओहममध्ये ९ व्होल्टची वाटणी होऊन मीटरच्या वाट्याला येतात ६. काटा ६ वरच का बसला, याचं उत्तर एवढंच.

पण याहून फसवी गोष्ट टाइम कॉन्स्टंटची आहे. कपॅसिटरच्या बाजूने पाहिलं तर आता दोन रोधक समांतर आहेत, १०० आणि २००, मिळून सुमारे ६७ किलोओहम. म्हणून टाइम कॉन्स्टंट १० वरून ६.७ सेकंदांवर येतो. मी फळ्यावर नवं समीकरण लिहिलं:

V = 6 (1 − e^(−t/6.67))

आणि मुलांना t = 10 घालायला सांगितलं. उत्तर आलं ४.६६. वहीतलं रीडिंग ४.६ आणि ४.७ च्या मध्येच होतं. एका मुलाने ६ चे ६३ टक्के काढून आलेखावरून आधीच ६.७ सेकंद लिहून ठेवले होते आणि त्यावरून कपॅसिटर ६७ मायक्रोफॅरडचा ठरवला होता. आलेख अगदी गुळगुळीत, घातांकी वक्र जसा हवा तसा. चूक दिसायला जागाच नव्हती, ९ ऐवजी ६ वर थांबलेला शेवट सोडून. म्हणून मी आग्रह धरतो की वक्र पूर्ण सपाट होईपर्यंत थांबा आणि शेवटचं व्होल्टेज सप्लायशी ताडून पाहा. घाईत विसाव्या सेकंदाला प्रयोग थांबवणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

खात्रीसाठी मीटर ५० व्होल्टच्या रेंजवर टाकला. रोध झाला १ मेगाओहम आणि काटा ८.२ च्या आसपास स्थिरावला. रेंज बदलली की उत्तर बदलतं, तेव्हा दोष मोजण्यात आहे हे धरून चालावं.

मग शेजारच्या टेबलावरून डिजिटल मीटर आणला. त्याचा रोध १० मेगाओहम, त्यामुळे शेवटचं व्होल्टेज ८.९ च्या वर जातं आणि टाइम कॉन्स्टंट जेमतेम एक टक्क्याने कमी होतो. पण इथे दुसरी अडचण. दहाव्या सेकंदाला व्होल्टेज सेकंदाला ०.३३ व्होल्ट या वेगाने चढत असतं. पडद्यावरचा आकडा सेकंदात दोन-तीनदाच बदलतो, त्यात डोळा घड्याळावरून मीटरवर यायला लागणारा वेळ. ०.१ व्होल्टचा फरक असा सहज पडतो.

त्यावर उपाय स्विचचाच. दहाव्या सेकंदाला मीटर वाचायच्या भानगडीत पडायचं नाही, स्विच उघडायचा. भरणं थांबतं आणि व्होल्टेज आहे तिथे धरलेलं राहतं. आता कपॅसिटर फक्त १० मेगाओहममधून उतरतोय, म्हणजे टाइम कॉन्स्टंट १००० सेकंद; सेकंदाला ०.१ टक्का घट. पाच सेकंद निवांत वाचलं तरी ०.०३ व्होल्टच जातं. काट्याच्या मीटरने हे जमत नाही, कारण तिथे तोच आकडा २० सेकंद आहे आणि काटा स्थिर होण्याआधीच पाव व्होल्ट निघून जातं.

मुलांनी तसं केलं. प्रत्येक वेळी आधी कपॅसिटरची टोकं बराच वेळ जोडून ठेवली, कारण नुसतं टेकवून सोडलं तर इलेक्ट्रोलायटिक थोडं व्होल्टेज परत दाखवतो आणि सुरुवात शून्यापासून होत नाही. मग दहा सेकंद, स्विच उघडा, वाचा. ५.६ आणि ५.७ च्या मध्ये, पुन्हा पुन्हा तेच. मघाशी खराब ठरवलेल्या कपॅसिटरवर.

तेवढ्यात शेजारच्या टेबलाने तक्रार मांडली: आमच्याकडे पहिल्यापासून डिजिटलच आहे, स्विचही उघडतो, तरी ५.४ येतात. मी विचारलं, शेवटी किती? म्हणाले, ८.९. मग मीटर सुटला, आणि आता खरोखरच कपॅसिटरकडे बघायचं. ५.४ म्हणजे ९ चे ६० टक्के. त्यावरून टाइम कॉन्स्टंट ११ सेकंदांच्या जवळ येतो आणि कपॅसिटर ११० मायक्रोफॅरडच्या आसपास. इलेक्ट्रोलायटिकला साधारण २० टक्के कमी-जास्तीची सूट असते, तेव्हा हा माल चांगलाच म्हणायचा. त्यांना सांगितलं, जर्नलमध्ये १०० लिहू नका, जे मोजलंत ते लिहा आणि सगळ्यांनीच तक्त्याच्या डोक्यावर मीटरची रेंज आणि रोध नोंदवा.

काट्याच्या टेबलावरच्या मुलांनी जुनी रीडिंग खोडायला घेतली होती. ती मी खोडू दिली नाहीत. दोन्ही वक्र एकाच आलेखकागदावर काढायला लावले.