टिपरू धरलेली मूठ आणि सहावं बोट: इनपेंटिंगची नोंदवही, पान ७

इनपेंटिंग म्हणजे फोटोतली खराब झालेली जागा मॉडेलकडून भरून घेणं. या पानावर एकच फोटो आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचा, कृष्णधवल, सहा बाय चार इंची प्रिंट, ४०० डीपीआयला स्कॅन केलेला. म्हणजे २४०० × १६०० पिक्सेल. ढोलवादकाच्या उजव्या मुठीवरून घडी गेली आहे आणि तिथे कागदाचा वरचा थर उडून पांढरा डाग पडला आहे. मधली तीन बोटं पूर्ण गेली आहेत. शिल्लक आहे ते मनगट, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं जेमतेम १० पिक्सेल लांबीचं टोक आणि मुठीतून वर आलेलं टिपरू. मास्क, म्हणजे मॉडेलने भरायची जागा, साधारण १६० × १६० पिक्सेलचा. या स्कॅनमध्ये एका बोटाची जाडी २२ पिक्सेलच्या आसपास आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्याच्यावरच आहे.

मॉडेल म्हणजे चित्रं तयार करणाऱ्या स्टेबल डिफ्यूजन १.५ चं इनपेंटिंग रूप. हे मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही. चित्र आधी दाबून लेटंटमध्ये नेलं जातं, तिथला एक खाना मूळ चित्राच्या ८ × ८ पिक्सेलचा असतो आणि त्या खान्यात चार आकडे असतात. ५१२ × ५१२ चं चित्र म्हणजे ६४ × ६४ खाने. नॉइज, म्हणजे कसाही विखुरलेला दाणेदार गोंधळ, टाकणं आणि पायरीपायरीने तो काढणं, सगळं या खान्यांवर चालतं.

आता पूर्ण फोटो ७६८ × ५१२ ला लहान करून दिला तर काय होतं ते पाहू. तीन पटीहून थोडं जास्त आक्रसल्यावर बोटाची जाडी २२ वरून ७ पिक्सेलवर येते. म्हणजे एका खान्याहूनही कमी. चारही बोटं मिळून साडेतीन खाने. एवढ्या जागेत चार बोटं आणि त्यांच्यामधल्या फटी वेगळ्या मांडायला मॉडेलकडे जागाच नाही. मग जे येतं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी मूठ, वर दोन-तीन चिरा. याला ‘मॉडेलला हात काढता येत नाहीत’ असं म्हटलं जातं, पण निदान इथे तरी दोष आपण दिलेल्या मापाचा आहे.

म्हणून मास्कभोवतीचा तुकडाच कापून मोठा करायचा. डिफ्यूजर्स लायब्ररीतलं `padding_mask_crop` हेच करतं: मास्कच्या चौकटीभोवती दिलेलं पॅडिंग घेऊन तुकडा काढतं, तो ठरलेल्या मापाला वाढवतं, भरतं आणि परत जागेवर बसवतं. पॅडिंग ३२ ठेवलं तर तुकडा २२४ पिक्सेलचा, तो ५१२ ला नेला की बोट ५० पिक्सेलचं, म्हणजे सहा खान्यांहून थोडं जास्त. तपशिलाला भरपूर जागा. पण त्या तुकड्यात मनगट आणि ढोलाची कड एवढंच येतं, हात कुठून आला हे मॉडेलला दिसत नाही आणि मूठ उलट्या बाजूने वळलेली येऊ शकते. पॅडिंग ३०० केलं तर तुकडा ७६० चा होतो आणि बोट पुन्हा १५ पिक्सेलवर, दोन खान्यांच्या आत. मधला ९६ इथे जमला: तुकडा ३५२ चा, बोट ३२ पिक्सेलचं, बरोबर चार खाने, आणि कोपरापर्यंतचा हात, ढोलाचं पान, टिपरूचं वरचं टोक सगळं चौकटीत. नेहमीसाठी अंदाज असा धरायला हरकत नाही: सगळ्यात बारीक जी गोष्ट मोजून यायला हवी, तिला निदान तीन-चार खाने मिळालेच पाहिजेत.

माप सुधारल्यावर गोळा गेला आणि खरी अडचण पुढे आली. आता बोटं स्वच्छ येत होती, नखांसकट, फक्त अंगठा सोडून पाच.

अशा वेळी कारण शोधायला एक सोपी चाचणी आहे. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त सीड, म्हणजे सुरुवातीचा नॉइज ठरवणारा आकडा, बदलत आठ-दहा चित्रं काढायची आणि एकाखाली एक लावायची. चूक दर वेळी वेगळ्या जागी आली, कधी तीन बोटं, कधी पाच, तर संदर्भ अपुरा आहे आणि मॉडेल दर खेपेला नवा अंदाज बांधतंय. पण वेडावाकडा आकार सीड बदलूनही त्याच जागी उगवत असेल, तर मास्कच्या कडेबाहेर काहीतरी उरलं आहे जे त्याला तिथे ओढतंय. या फोटोत दोन्ही प्रकार एकत्र होते. म्हणून ते वेगळे करून पाहावे लागले.

आधी कडेचं. इनपेंटिंगसाठी शिकवलेल्या मॉडेलच्या यू-नेटला, म्हणजे नॉइज काढणाऱ्या मुख्य भागाला, नऊ चॅनल दिले जातात: चार नॉइज असलेल्या लेटंटचे, चार मास्कची जागा पुसलेल्या मूळ चित्राचे आणि एक मास्कचा. म्हणजे डागाबाहेरचा भाग त्याला पहिल्या पायरीपासून स्वच्छ दिसतो. साध्या, चार चॅनलच्या मॉडेलने भरताना तसं नसतं. तिथे दर पायरीला मास्कबाहेरच्या जागी मूळ चित्र तेवढाच नॉइज घालून परत टाकलं जातं, त्यामुळे सुरुवातीला आजूबाजूचं चित्रही धुक्यातच असतं आणि मूठ मनगटाशी न जुळणारी येते. नऊ चॅनलवाला या बाबतीत कितीतरी बरा. पण स्वच्छ दिसतं म्हणूनच तो कडेवरची प्रत्येक खूण खरी मानतो.

करंगळीचं ते १० पिक्सेलचं टोक त्याला दिसतं, ते तो पुढे वाढवतो. शिवाय मनगटाला शोभेल अशी पूर्ण मूठही मांडतो. टोकाचं बोट त्या मुठीतल्या बोटांत धरलं जाईलच असं नाही, कारण मोजणारं आत कुणी नाही. बोटाशेजारी बोट असणं हे प्रत्येक ठिकाणी अगदी साहजिक दिसतं, आणि मॉडेल शिकलंय ते असं शेजारपण. टिपरूचंही तेच. कृष्णधवल फोटोत टिपरूचा राखाडी रंग आणि कातडीचा रंग जवळजवळ सारखा, जाडीही बोटाएवढीच. वरचं टोक मास्कबाहेर, खालचं हाताआड. मास्कमध्ये शिरणारी ती पट्टी वाकून बोटात मिसळते आणि टोकाला नख घेऊन येते. आठपैकी ज्या चित्रांत ‘सहावं बोट’ होतं, त्यांतलं बरंचसं मुळात टिपरूच होतं.

कडेचीच आणखी एक गोष्ट: घडीची पांढरी रेघ मास्कबाहेर दोन-चार पिक्सेल जरी उरली तरी मनगटावर कडं किंवा दोरा उगवतो. मॉडेलला ती रेघ म्हणजे हातात घातलेली वस्तू वाटते. करंगळीच्या टोकाची बाजू सोडून मास्क डागापेक्षा बाकी सर्व बाजूंनी ८ ते १६ पिक्सेल मोठा काढला की हे थांबतं. वस्तू पुसून तिची सावली तशीच ठेवली की तिथे नवी वस्तू येते, तेही याच कारणाने.

आता दुसरा भाग, सीडगणिक बदलणारी संख्या. नॉइज भरपूर असतो तेव्हा मॉडेल जे स्वच्छ चित्र भाकीत करतं, ते शक्य असलेल्या सगळ्या चित्रांची सरासरी असते. मूठ थोडी वर असू शकते, थोडी खाली असू शकते. दोन्हींच्या बोटांच्या रांगा एकमेकींवर सरकून बसल्या की अंधूक कंगव्यासारखा पट्टा तयार होतो आणि त्यात चाराहून जास्त उजळ पट्ट्या असू शकतात. पुढच्या पायऱ्या मोजणी करत नाहीत, समोर असलेली प्रत्येक पट्टी धारदार करतात. त्यातून पाचवं बोट पक्कं होतं. नंतर पायऱ्या ४० च्या ८० केल्या तरी ते जात नाही, उलट जास्त सुबक होतं.

प्रॉम्प्टमध्ये चार बोटं असं लिहून फार फरक पडत नाही. मॉडेलने ज्या मथळ्यांवरून शिकायचं ते मथळे क्वचितच बोटांची संख्या सांगतात, आणि फोटोंतले हात तरी पाचही बोटं दाखवत कुठे असतात? वस्तू धरलेले, खिशात अर्धे, दुसऱ्या हाताआड. नकारात्मक प्रॉम्प्टचंही तसंच. गायडन्स, म्हणजे प्रॉम्प्टला किती धरून राहायचं ते ठरवणारा आकडा, ७.५ वरून ५ वर आणल्यावर बोटांच्या कडा कमी कोरीव झाल्या आणि जुन्या प्रिंटला ते शोभतं, पण संख्या त्याने सुटली नाही.

सुटली ती हाताने काढलेल्या कच्च्या चित्राने. मनगटावरचा राखाडी रंग उचलून डागावर चार तिरक्या पट्ट्या ओढल्या, प्रत्येकी २२ पिक्सेल, मध्ये तीन-चार पिक्सेलच्या काळ्या फटी. करंगळीचं उरलेलं टोक चौथ्या पट्टीला जोडून घेतलं. ते टोक मास्कमध्ये घेऊन पुसणं सोपं होतं, पण फोटोतली खरी बोटाची एवढीच निशाणी उरली होती, ती ठेवलीच पाहिजे. टिपरू एक सरळ, किंचित उजळ पट्टी म्हणून मुठीच्या खालून बाहेर काढलं, म्हणजे त्याची दोन्ही टोकं ठरली. चित्रकला यायला लागत नाही. पट्ट्यांची जागा आणि संख्या बरोबर असली की पुरे.

```python
out = pipe(prompt=p, image=sketch, mask_image=mask,
           width=512, height=512, padding_mask_crop=96,
           strength=0.6, num_inference_steps=40,
           guidance_scale=5, generator=g).images[0]
```

यात `strength` सगळ्यात महत्त्वाचा: कच्च्या चित्रावर किती नॉइज टाकून सुरुवात करायची ते तो ठरवतो. नऊ चॅनलच्या मॉडेलला मास्कखालचा भाग पुसूनच दाखवला जातो, त्यामुळे आपलं कच्चं चित्र त्या वाटेने आत जात नाही. ते जातं फक्त सुरुवातीच्या लेटंटमधून. १.० ठेवलं तर सुरुवात निव्वळ नॉइजपासून होते आणि आपली मेहनत मॉडेलपर्यंत पोचतच नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ०.६ ला ४० पैकी शेवटच्या २४ पायऱ्याच चालतात. मांडणी ठरवणाऱ्या पहिल्या पायऱ्या वगळल्या जातात, आणि कंगवा तिथेच तयार होत होता. ०.४ ला रंगवलेल्या पट्ट्या तशाच सपाट राहिल्या, ०.८ ला संख्या पुन्हा हलायला लागली. ०.५५ ते ०.६५ मध्ये सीड बदलूनही चार बोटं आणि सरळ टिपरू टिकलं.

दोन गोष्टी अजून बाकी आहेत. भरलेल्या जागी प्रिंटचा दाणा नाही, तो शेजारच्या भागाशी जुळवून वरून घालावा लागेल. आणि डाग पडलेला डावा हात, जो ढोलाच्या दुसऱ्या पानावर थाप मारताना हलल्यामुळे मुळातच पुसट आला आहे. तिथे बोटं मोजून काढली तर ती फोटोत नव्हतीच असं होईल, म्हणून त्या डागासाठी कच्चं चित्र पट्ट्यांचं न करता एकाच दिशेने पुसलेलं करून पाहायचं आहे. मूळ स्कॅन, मास्क आणि कच्चं चित्र या तिन्ही फाइली निकालाशेजारीच ठेवल्या आहेत, म्हणजे मुठीतली कोणती बोटं कागदावरची आणि कोणती भरलेली हे कुणालाही कधीही पाहता येईल.