93 महिन्यांत दामदुप्पट

सोलापुरातल्या एका पतसंस्थेचं अंतर्गत लेखापरीक्षण माझ्याकडे आहे. ठेव योजनेचं माहितीपत्रक लेखापरीक्षकाकडे तपासायला येतच नाही, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. व्यवस्थापक मजकूर देतात, छापखाना रचना करतो आणि पत्रकं थेट काउंटरवर येऊन पडतात. कर्जाच्या फाइलीतली एक सही राहिली तर आमच्या अहवालात शेरा पडतो. पण हजारो ठेवीदारांना जे वचन दिलं जातं, त्यातली बेरीज कुणी तपासत नाही. ही पद्धतच चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे.

या वेळी पत्रकाचं प्रूफ माझ्यासमोर आलं, कारण संक्रांतीच्या गड्डा यात्रेआधी छपाई हवी होती आणि छापखान्याच्या ॲडव्हान्सचं व्हाउचर मी पाहत होते. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, आकडे जुनेच आहेत ओ, फक्त रंग बदललाय." आकडे जुने आहेत म्हटल्यावर मी प्रूफ जवळ ओढलं.

पत्रकात व्याजदर 9 टक्के होता आणि खाली बारीक अक्षरात 'तिमाही चक्रवाढ' असं लिहिलेलं होतं. असं पत्रक हातात आलं की मी आधी एक वर्षाची ओळ बघते. 9 टक्क्यांनी 1 लाखाचे वर्षाने किती होतात, यावर चक्रवाढ कशी धरली ते लगेच कळतं. वर्षातून एकदा व्याज धरलं तर 1,09,000 होतात, सहामाहीला 1,09,202, तिमाहीला 1,09,308 आणि दरमहा धरलं तर 1,09,381. चार पद्धती आणि चार वेगळे आकडे, त्यामुळे लपायला जागा राहत नाही. पत्रकात 1,09,308 होतं, म्हणजे तिमाही बरोबर. पाच वर्षांच्या ओळीत 1,56,051 होतं. 9 टक्क्यांचा तिमाही हिस्सा सव्वादोन टक्के, म्हणून 1.0225 ने 20 वेळा गुणलं. तेही जुळलं.

मग सगळ्यात मोठ्या अक्षरातली ओळ आली: '93 महिन्यांत दामदुप्पट, 1 लाखाचे 2 लाख'. 93 महिने म्हणजे बरोबर 31 तिमाह्या. मी संगणकावर दोन ओळी टाइप केल्या.

```
=100000*(1+0.09/4)^31
=100000*(1+0.09/12)^93
```

पहिलीचं उत्तर आलं 1,99,325 आणि दुसरीचं 2,00,350. दुसरी ओळ दरमहा चक्रवाढीची आहे, आणि त्या हिशेबाने 92 महिन्यांना 1,98,859 भरतात, म्हणजे रक्कम दुप्पट पहिल्यांदा होते ती 93 व्याच महिन्याला. वरच्या सगळ्या ओळी तिमाहीने काढल्या आणि ही एकच ओळ दरमहाच्या हिशेबाने काढली, याबद्दल मला शंका उरली नाही. तिमाहीने 31 तिमाह्या संपल्यावर 675 रुपये कमी पडतात. त्या रकमेवर रोजचं व्याज साधारण 49 रुपये होतं, म्हणजे आणखी 14 दिवस लागतात. पत्रकात पूर्ण महिनेच द्यायचे तर 94 लिहायला हवं होतं.

अध्यक्ष त्या दिवशी कार्यालयातच होते. त्यांनी 72 ला 9 ने भागलं, 8 वर्षं आली आणि म्हणाले, "आपण तर 96 महिन्यांच्या आत देतोय, मग अडचण काय?" 72 चा नियम अंदाजाला चांगला आहे, पण तो वार्षिक चक्रवाढीच्या जवळ जातो. 93 आणि 94 मधला फरक त्याला दिसणारच नाही. अध्यक्षांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण सगळीकडे तसं होत नाही.

चूक एवढीच असती तर आकडा बदलून मी उठले असते. पण 'आकडे जुनेच' हे शब्द डोक्यात होते. मी काउंटरवरच्या ताईंना गेल्या वर्षीच्या दामदुप्पट पावत्यांच्या स्थळप्रती काढायला सांगितल्या. सॉफ्टवेअर तिमाहीनेच चालतं, त्यामुळे पावतीवर मुदतीअंती रक्कम 1,99,325 अशी छापून आली होती. आणि त्यावर आडवी रेघ मारून पेनाने 2,00,000 लिहिलं होतं, शेजारी अधिकाऱ्याची सही. एकाच पावतीवर नाही, त्या गठ्ठ्यातल्या बहुतेक पावत्यांवर. ताई म्हणाल्या, "लोक पत्रक घेऊन येतात मॅडम, आकडा जुळत नाही म्हणून भांडतात. मग साहेबांनी असंच करायला सांगितलं." ताईंचा यात काही दोष नाही. त्यांना फरक दिसला होता आणि त्यांनी तो वर कळवलाही होता.

सहीनिशी दिलेली पावती म्हणजे ठेवीदाराच्या हातातला करार. त्याला 2 लाख द्यावेच लागतील आणि द्यायलाच हवेत. पण खतावणीत सॉफ्टवेअर 1,99,325 च्या दिशेनेच व्याजाची तरतूद करत राहणार. दर लाखामागचे 675 रुपये कुठल्याही पुस्तकात नाहीत. मुदत संपेल तेव्हा काउंटरवर वेगळंच कुणीतरी बसलेलं असेल. ते पडद्यावरचा आकडा बघेल आणि समोर उभी असेल विडी वळून पैसे साठवलेली एखादी बाई, पेनाने लिहिलेली पावती घेऊन. त्या वेळी कोण खरं ठरेल, हा प्रश्न आज कागदावर मिटवता येतो. म्हणून मी संचालक मंडळाच्या ठरावाची शिफारस केली: जुन्या सगळ्या पावत्यांना 2 लाखच द्यायचे आणि फरकाची तरतूद याच वर्षापासून करायची.

दुसरा वाद जास्त ताणला. पत्रकात 'वार्षिक उत्पन्न' असा एक रकाना होता. पाच वर्षांसमोर 11.21 टक्के आणि दामदुप्पटीसमोर 12.90. ही बेरीज चुकलेली नाही, आणि तेच जास्त त्रासदायक आहे. पाच वर्षांचं एकूण व्याज 56,051 घ्यायचं आणि 5 ने भागायचं, की 11.21 येतात. मुदत जितकी लांब तितका हा आकडा फुगतो, दर मात्र 9 चाच राहतो. तिमाही चक्रवाढ धरून खरं वार्षिक उत्पन्न 9.31 टक्के आहे, मुदत कितीही असो. मी व्यवस्थापकांना उलटा हिशेब करून दाखवला: खरोखर वर्षाला 11.21 टक्के मिळाले असते, तर पाच वर्षांत 1 लाखाचे 1 लाख 70 हजारांच्या वर गेले असते. तुमच्याच पत्रकात 1,56,051 आहे. ते म्हणाले, "सगळेच असं छापतात, मॅडम. आपण 9.31 छापलं तर ठेवी शेजारच्या संस्थेत जातील." ही भीती खोटी नाही. पण ज्या माणसाला भागाकार येत नाही त्याच्याच भरवशावर हा रकाना उभा आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

शेवटी पत्रक छापलं गेलं. 93 चे 94 महिने झाले आणि 'तिमाही चक्रवाढ' ही ओळ मोठ्या अक्षरात वर आली. उत्पन्नाचा रकाना तसाच राहिला, फक्त शीर्षकात 'सरासरी सरळ' हे दोन शब्द वाढले. मला हे पुरेसं वाटत नाही आणि अहवालात मी तसं लिहिलंय. जुन्या पावत्यांचा ठराव मागच्या सभेत पुढे ढकलला गेला. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो यावा म्हणून मी स्थळप्रतींची यादी पावती क्रमांकांसह अहवालाला जोडली आहे.