सरणावर कळलेलं आणि पळभर हळहळलेलं

सोलापुरात कुठल्याही चौकात मान वर करून बघा, एक तर वाढदिवसाचा फ्लेक्स असतो नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजलीचा. श्रद्धांजलीवाल्यात फोटोखाली हमखास दोन ओळी कवितेच्या. त्यातल्या दोन कविता तर इतक्या वेळा वाचल्यात की कवीचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही पण ओळ पाठ, असे लोक घराघरात आहेत. एक भा. रा. तांब्यांची, ‘जन पळभर म्हणतिल हाय हाय’ आणि दुसरी सुरेश भटांची गझल, ‘इतकेच मला जाताना सरणावर कळले होते, मरणाने केली सुटका जगण्याने छळले होते.’

मागे आमच्या गल्लीतले एक आजोबा गेले, चादर कारखान्यात आयुष्य काढलेले, पोरंबाळं मार्गी लावून, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवून गेले. पुतण्या फ्लेक्सचा मजकूर घेऊन आला, फोटोखाली भटांची ओळ. म्हटलं बाबा, हे वाचून लोक काकूंना विचारतील की नेमकं कुणी छळलं होतं? तो म्हणाला, “काय बोलायलाव अण्णा, मरणाचीच कविता हाय की.” आता हेच तर आहे ना, दोन्ही मरणाच्याच कविता, पण एक दुसरीच्या जागी बसत नाही. का बसत नाही हे त्याला तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

माझ्या मते सगळी गोम क्रियापदात आहे. तांब्यांची कविता बघा, सूर्य तळपतील, चंद्र झळकतील, मेघ वर्षतील, शेते पिकतील, सखेसोयरे डोळे पुसतील, सगळा भविष्यकाळ. म्हणजे माणूस अजून जिवंत आहे, धडधाकट असेल, बसल्या बसल्या आपल्या मागे काय काय होईल याचा अंदाज बांधतोय. आणि भटांच्या गझलेत प्रत्येक शेर ‘होते’वर येऊन थांबतो. कळले होते, छळले होते, उधळले होते. त्यातही बारकावा असा की नुसतं ‘कळले’ म्हटलं असतं तर माणूस सरणावर आहे एवढंच झालं असतं, ‘कळले होते’ म्हटल्यावर ते सरणसुद्धा जुनं झालं, बोलणारा त्याच्याही पलीकडे कुठेतरी उभा राहून मागे वळून बघतोय. मग त्याला आता अंदाज करायची गरज नाही, त्याच्याकडे हिशोब आहे, पक्का, बंद झालेला. अंदाज बांधणारा माणूस थोडा हसू शकतो, बंद झालेल्या हिशोबाला मात्र हसता येत नाही, फार तर कडवट होता येतं. दोन्ही कवितांचा सूर मला वाटतं इथंच ठरतो.

उलटसुलट करून बघा पाहिजे तर. तांब्यांचं ‘सूर्य तळपले, चंद्र झळकले’ करा, झाली नुसती हवामानाची बातमी. भटांचं ‘सरणावर कळेल’ करा, सगळी धार गेली, उरली फक्त शंका.

तांब्यांच्या सुरातली गंमत लोकांच्या लक्षात येत नाही कारण गाणं म्हणून ऐकलं की ते फार करुण वाटतं, लताबाईंचा आवाज आहे. पण शब्द शांतपणे वाचा. ‘पळभर’ म्हणजे तरी किती, जुन्या मापात साठ पळांची एक घटिका आणि घटिका 24 मिनिटांची, म्हणजे एक पळ 24 सेकंदांचा. लोक 24 सेकंद हळहळतील हे म्हणणारा माणूस रडत नाहीये, तो गालात हसतोय. पुढे सोयऱ्यांबद्दल तर सरळ ‘उठतील, बसतील, हसुनि खिदळतील’ लिहिलंय. आमच्याकडे स्मशानात चिता पेटली की बाजूच्या कट्ट्यावर कांद्याचा भाव निघतोच, त्यात कुणी वाईट नसतं. तांब्यांनाही ते वाईट वाटत नाही, म्हणून तर शेवटच्या कडव्यात ते विचारतात की अशा जगासाठी कुढायचं कशाला आणि ‘हरिदूता का विन्मुख व्हावे?’ न्यायला येणारा यमदूत नाही, हरीचा दूत आहे! त्या एका शब्दाने आधीची सगळी थट्टा भक्तीत जाऊन मिसळते. ही कविता जगाच्या कृतघ्नपणाची तक्रार म्हणून वाचली की हे कडवं कुठे ठेवायचं ते कळत नाही, आणि म्हणूनच ते वाचन चुकीचं असं मी समजतो.

भटांच्या गझलेत हरी नाही, दूत नाही, सोयरेही नाहीत. ‘मी’ आहे आणि एक ‘तू’ आहे जिचं नाव तो गोष्ट सांगताना चुपचाप गाळतो. तांब्यांची चित्रं सगळी मोकळ्यावरची, नद्या, शेतं, वारे. भटांकडे पाषाणांची दुनिया, निखळलेलं दार आणि रात्रभर तेवणारा एकटा माणूस. आभाळ मात्र दोघांकडे आहे आणि माझ्यासाठी तुलनेचा कळसच तिथे आहे. तांब्यांच्या आभाळाला या माणसाशी देणंघेणं नाही, तो असो नसो, तारे आपला क्रम सोडणार नाहीत, आणि त्या बेफिकिरीतच कवीला निवांतपणा मिळतो. भटांचं आभाळ ‘मी विझलो तेव्हा’ उजळतं. म्हणजे नेमकं माझ्यावर टपून बसलेलं. तेच आकाश, एकाला सोडवतं, दुसऱ्याला डिवचतं.

आता बांधणीचं थोडं, कारण ती सुरापासून वेगळी काढता येत नाही. तांब्यांचं पद आहे, पहिली ओळ मोजली तर 16 मात्रा भरतात. कडव्याच्या तीन ओळी एका यमकाने धावत येतात आणि चौथी ‘अंतराय’, ‘पाय’, ‘जाय’ करत ध्रुपदाच्या ‘हाय, काय’पाशी परत जाते, तीही बहुतेक प्रश्न विचारतच. म्हणजे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, सूर्यचंद्राला विचारून झाला, मग नद्यांना, मग सोयऱ्यांना, आणि शेवटी स्वतःला. पायऱ्या आहेत त्या, क्रम मोडला तर कविता कोसळते.

गझलेत उलटं. ओळ 28 मात्रांची, बरोबर मध्यावर, 14 वर, एक श्वास घेतलेला. ‘होते’ हा रदीफ, चादरीच्या काठासारखा दर शेराच्या टोकाला तोच, आणि त्याच्या आधी कळले, छळले, वगळले, उजळले हा काफिया. भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून हे नियम मराठीला शिकवले, त्यात शेर हा स्वतंत्र असतो, एकटा काढून दाखवला तरी पूर्ण कविता वाटली पाहिजे. म्हणून मधले शेर पुढेमागे करा, एखादा गाळा, मैफलीत चालून जातं. आणि म्हणूनच फ्लेक्सवरही तिचे दोन मिसरे एवढे चपखल बसतात! तांब्यांच्या दोन ओळी उचलल्या की मात्र अर्धाच माणूस हातात येतो, ‘हाय हाय’वाला, तो हरिदूताला सामोरा जाणारा मागेच राहतो.

पुतण्याला शेवटी सांगितलं, घालायचंच असेल तर तांब्यांचं शेवटचं कडवं पूर्ण घाल. तो म्हणाला चार ओळी मावत नाहीत, खाली शोकाकुल मित्र परिवाराची सत्तावीस नावं आहेत.