कोरडे केस ओले करताना

दागिन्यांच्या कॅटलॉगचं शूट आटोपून मॉडेल गेली होती आणि संध्याकाळी आर्ट डायरेक्टरचा फोन आला. "केस मोकळे नकोत रे. मागे चापून बसवलेले, ओले हवेत. झुमका दिसतच नाहीये." सकाळी छापायला जायचं होतं. म्हणजे जे करायचं ते फोटोशॉपमध्ये, रातोरात.

अशा वेळी बहुतेक जण आधी चमक मारत सुटतात. पण चमकेच्या आधी केसांचा फुगवटा जायला हवा. ओले केस कवटीला चिकटतात, डोकं लहान दिसतं. Liquify मध्ये चेहरा फ्रीझ केला आणि मोठ्या ब्रशने टाळूकडचा फुगवटा हळूहळू आत ढकलला. कान केसांखाली होता. नशिबाने एका फ्रेममध्ये तिने केस कानामागे सारले होते. तिथला कान झुमक्यासकट उचलून बसवला.

मग रंग. पाणी केसांमधल्या फटी भरतं, त्यामुळे प्रकाश इकडेतिकडे कमी विखुरतो आणि केस गडद दिसतात. म्हणून Curves ने फक्त मधल्या छटा खाली आणल्या. पार काळं केलं की केसांऐवजी डांबर दिसतं.

खरा वेळ खाल्ला तो बटांनी. ओला केस एकटा राहत नाही, शेजारच्याला चिकटून त्याची जाड बट होते. Smudge Tool ने कपाळापासून मागे, केसांच्या दिशेनेच, एकेक बट ओढली. रुंदी मुद्दाम कमीजास्त ठेवली. सगळ्या सारख्या आल्या तर फणी फिरवलेलं प्लास्टिक वाटतं. दोन बटांमधल्या खाचा वेगळ्या लेयरवर Multiply मध्ये गडद केल्या. कपाळाच्या रेषेवर मात्र खाचेतून डोक्याची कातडी डोकावते, तिथे गडद न करता त्वचेचाच रंग ठेवला. कानशिलावर दोन-तीन बारीक केस त्वचेला चिकटवले, खाली केसाएवढीच सावली देऊन.

चमक सगळ्यात शेवटी. तिच्या बुबुळात सॉफ्टबॉक्स दिव्याचा चौकोन डावीकडे दिसत होता, म्हणजे चमकही डोक्याच्या डाव्या गोलाईवरच हवी. प्रत्येक बटेच्या उंचवट्यावर बारीक, टणक कडेचा ब्रश, आणि खाच आली की चमक तुटलीच पाहिजे. सलग पांढरा पट्टा ओढला की हेल्मेट तयार! अख्खं चित्र आडवं उलटवून पाहिलं, तेव्हा उजवीकडे निष्कारण लकाकणाऱ्या दोन बटा लगेच टोचल्या. त्या पुसल्या आणि शेवटी फोटोत होती तेवढीच बारीक दाणेदार ग्रेन रंगवलेल्या भागावर टाकली.

सकाळी उत्तर आलं: "मस्त! आता तो दुसरा फोटोही असाच दे." त्यात वाऱ्याने केस अर्ध्या गालावरून हनुवटीपर्यंत आले होते आणि त्या कोनातून तो गाल दुसऱ्या कुठल्याच फ्रेममध्ये नव्हता. म्हटलं, "त्यासाठी मॉडेललाच बोलवा. येताना स्प्रेची बाटलीही आणा."